जोड ज्याची त्याच्याशी

आठवीतली एक मुलगी फेब्रुवारीत ६०० मीटर ३ मिनिटं ११ सेकंदांत पळाली. वर्गातल्या २६ मुलींमध्ये ती बाविसावी. माझ्या जुन्या तक्त्याप्रमाणे तिला क-२ श्रेणी मिळाली असती. तो तक्ता मीच केला होता, आणि बरीच वर्षं मी तो बिनदिक्कत वापरला. मुलगी पळाली, वेळ बघितली, तक्त्यात बोट ठेवलं, श्रेणी लिहिली. पण हीच मुलगी सप्टेंबरात ३ मिनिटं ३८ सेकंद घेत होती आणि तिसऱ्या फेरीला पोटाला हात लावून चालायला लागायची. "सर, माझं काय खरं न्हाई," हे तिचं तेव्हाचं वाक्य. पाच महिन्यांत तिने २७ सेकंद कमी केले, आणि पाचही फेऱ्या न थांबता पळाली. त्या वर्षी माझ्या हातून शारीरिक शिक्षण म्हणून जे काही घडलं, त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती. जुन्या तक्त्यात तिला जागाच नव्हती.

कोल्हापुरातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतो आहे. आपल्याकडे पहिली ते आठवीला या विषयाची लेखी संकलित परीक्षा नसते. श्रेणी आकारिक मूल्यमापनातूनच द्यायची असते. म्हणजे वर्षभर मुलाकडे बघून, त्याच्या नोंदी ठेवून. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत दोनपैकी एक होतं. एक तर सगळ्यांना सरसकट अ-२ देऊन विषय मिटवतात, नाहीतर एका दिवशी धावणं, उडी, फेक घेऊन जो पुढे त्याला वरची श्रेणी देतात. पहिल्या प्रकारात मूल्यमापनच होत नाही. दुसऱ्यात होतं, पण ते शिकण्याचं नसतं. मूल कोणत्या महिन्यात जन्मलं, घरातली माणसं किती उंच, ते वयात आलं की नाही, याचं असतं.

हे जरा उलगडून सांगतो. एका वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुलात जवळपास एक वर्षाचं अंतर असतं. तेराव्या वर्षी ते फार मोठं असतं. त्यातच वयात येण्याचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं. उंचीची उसळी आली की मुलगे वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढतात. मुलींची ही उसळी साधारण दोन वर्षं आधी येऊन जाते. त्यामुळे आठवीच्या एकाच बाकावर मिसरूड फुटलेला आणि अजून पाचवीतला वाटणारा, असे दोन मुलगे शेजारी बसतात. त्यांना एकाच फक्कीच्या रेघेवर उभं करून, जो पुढे येईल त्याला जास्त श्रेणी द्यायची, याला मी आता मूल्यमापन म्हणत नाही.

कोल्हापुरात हे वेगळं समजावून सांगावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं. आपल्या तालमींनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत नवा पोरगा आला, तर वस्ताद त्याला जुन्या पैलवानाएवढे जोर मारायला लावत नाही. आज पंचवीस जमले, तर पुढच्या आठवड्यात तीस. बैठकांचा हिशोबही तसाच, ज्याचा त्याचा. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती लावतानाही आधी जोड बघतात. विजोड कुस्ती लागली तर प्रेक्षकच ओरडतात. मग शाळेच्या तासाला आपण रोज विजोड कुस्त्या का लावतो?

तेव्हा पोराची जोड त्याच्या स्वतःशीच लावायची, त्याच्या आधीच्या वेळेशी. माझं म्हणणं एवढंच आहे. पण एवढंच म्हणून थांबलं तर घोटाळा होतो, आणि तो मी करून बसलो आहे. 'सुधारणेला गुण' ऐकायला सोपं वाटतं. सुधारणा खरी की भासलेली, हे ओळखणं सोपं नाही.

पहिल्या वर्षी मी जूनमध्ये पहिली चाचणी घेतली आणि फेब्रुवारीत दुसरी. निकाल पाहून मी हरखून गेलो. जवळजवळ सगळा वर्ग वीस-पंचवीस सेकंदांनी सुधारला होता. मुख्याध्यापकांना वही नेऊन दाखवली. मग रात्री घरी बसून विचार केल्यावर लक्षात आलं की जूनमध्ये आमचं मैदान चिखल असतं. पोरं पाय जपून टाकत पळाली होती, काही तर अनवाणी. फेब्रुवारीत तीच माती वाळून टणक झालेली. वर्ग नाही, मैदान सुधारलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचा आणि मधेच पंचगंगेच्या पुराचा काळ असतो, सुट्ट्याही पडतात. म्हणून आता पहिली चाचणी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेतो. मैदानाचा एखादा कोपरा ओला असेल तर पुढे ढकलतो.

दुसरी चूक फेरीच्या मापाची. आमचं मैदान लहान आहे, १२० मीटरची एक फेरी, अशा पाच. फक्की दर वेळी नव्याने मारावी लागते. एका वर्षी शिपायाने वळणं जरा आत घेतली आणि फेरी तीन मीटरने कमी झाली. पाच फेऱ्यांत पंधरा मीटर, म्हणजे मध्यम वेगाच्या मुलाला चार सेकंदांचा फायदा, न पळता. ती चूक सापडली कारण वर्गात नेहमी शेवटी येणाऱ्या पाचही जणांची वेळ एकदम तेवढीच कमी झाली होती. सगळेच सारख्या सेकंदांनी सुधारले की आधी टेप काढायचा. आता फेरी टेपने मोजतो, फक्कीच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर, कारण मूल रेघेवरून नाही, रेघेच्या बाजूने पळतं.

पण मैदान आणि माप नीट केल्यावरही एक अडचण उरते, आणि ती मला सगळ्यात उशिरा कळली. एकच मूल एकाच आठवड्यात दोनदा पळवलं तरी दोन वेळा सारख्या येत नाहीत. जेवून किती वेळ झाला, ऊन किती, आदल्या रात्री झोप किती, पहिली फेरी किती जोरात घेतली, यावर वेळ हलते. मी एका सप्टेंबरात सगळ्या वर्गाला मंगळवारी आणि शुक्रवारी, असं दोनदा पळवलं. मधल्या दोन दिवसांत कुणाची तब्येत सुधारणार नाही किंवा ढासळणार नाही, म्हणजे जो फरक येईल तो निव्वळ हेलकावा. चारपैकी तीन मुलांचा फरक आठ सेकंदांच्या आत होता. तेव्हापासून आमच्या शाळेपुरता माझा नियम असा आहे: आठ सेकंदांपर्यंतच्या बदलाला मी सुधारणाही म्हणत नाही आणि घसरणही. दुसऱ्या शाळेत हा आकडा सहा येईल किंवा बारा. तो ज्याने त्याने आपल्या मैदानावर काढायचा, आणि त्यासाठी चार तास आणि एक स्टॉपवॉच पुरतं.

हा हेलकावा कमी करायचा तर दोन्ही वेळी दोन-दोन संधी द्यायच्या आणि चांगली वेळ धरायची. त्याआधी एकदा सरावासाठी पळवायचं, कारण पहिल्यांदा ६०० मीटर पळणारं मूल पहिल्या फेरीतच सगळा दम संपवतं. वेग कसा वाटून घ्यायचा हे दुसऱ्या खेपेला कळतं, आणि ते कळण्यालाच आपण तब्येत सुधारली समजून बसतो. संधी मात्र दोन्ही वेळी सारख्याच हव्यात. सप्टेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत तीनदा पळवून त्यातली चांगली वेळ घेतली, तर सुधारणा कागदावर आपोआप दिसते.

आणि वाढ? पाच महिन्यांत मूल वाढतं, पाय लांब होतात, काहीही न शिकवता वेळ थोडी कमी होते. ती वजा करायला हवी. आधी मी त्या वर्षीच्या वर्गाचाच मधला फरक वजा करायचो, म्हणजे सगळ्या मुलांचे फरक ओळीने लिहून बरोबर मधला घ्यायचा. पण मग वर्गातल्या एका मुलानेच विचारलं, "सर, सगळीच पोरं सुधारली तर कुणालाच मार्क न्हाईत व्हय?" बरोबर होतं त्याचं. चांगलं शिकवलं तर माझीच वजाबाकी ते शिकवणं खाऊन टाकत होती. म्हणून मी जुन्या वह्या काढल्या, ज्या वर्षांत मी फक्त चाचणी घ्यायचो आणि धावण्याचा वेगळा सराव नव्हता. सातवीच्या फेब्रुवारीपासून आठवीच्या फेब्रुवारीपर्यंत मुलांचा मधला फरक १८ सेकंदांचा होता, मुलींचा ५ सेकंदांचा. पाच महिन्यांचा वाटा म्हणून मुलांचे ८ आणि मुलींचे २ सेकंद धरले. हिशोब ढोबळ आहे हे मला मान्य आहे. वाढ महिन्यांत सारखी वाटून येत नाही. पण काहीच वजा न करण्यापेक्षा तो खरेपणाच्या जवळ जातो.

आता त्या वर्षीच्या तीन मुलांवर हा हिशोब लावून दाखवतो.

सुरुवातीला सांगितलेली मुलगी २१८ सेकंदांवरून १९१ वर आली. फरक २७. वाढीचे २ वजा, राहिले २५. आठच्या हेलकाव्याच्या कितीतरी पुढे. ही सुधारणा खरी, तिला पूर्ण गुण.

दुसरा एक उंच होत चाललेला मुलगा. १७२ वरून १५८. फरक १४, बघायला छान. पण वाढीचे ८ वजा केल्यावर ६ उरतात, आणि सहा तर मंगळवार-शुक्रवारच्या फरकात बसतात. दोन्ही चाचण्यांच्या वेळी मी उंची मोजतो. पाच महिन्यांत तो चार सेंटिमीटर वाढला होता. त्याला मी 'आहे तिथे आहे' असं लिहिलं. शिक्षा म्हणून नाही. दहापैकी सात गुण दिले. त्याची आई भेटायला आली. "सर, पोरगं चौदा सेकंदानं सुधारलंय, वहीत त्यानंच लिहिलंय. मग मार्क का कमी?" मी उंचीचे दोन आकडे दाखवले आणि त्याची सरावाची वही उघडली. डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे कोरे होते. तिने ते पोराला दाखवलं. वाद तिथेच मिटला. आकड्यांपेक्षा त्या कोऱ्या पानांनीच जास्त काम केलं, हे मी कबूल करतो.

तिसरा पेठेच्या फुटबॉल संघातला मुलगा. १२४ वरून १२१. फरक तीन. नुसत्या सुधारणेच्या हिशोबाने वर्गातला सगळ्यात वेगवान मुलगा सगळ्यात खाली गेला असता, आणि हे उघड अन्यायाचं झालं असतं. जो आधीच वरच्या टोकाला आहे त्याच्याकडे कमी करायला सेकंद उरलेले नसतात. म्हणून आमच्या जुन्या वह्यांप्रमाणे जे पहिल्या पंचमांशात आहेत, त्यांनी वेळ टिकवली की पूर्ण गुण.

यात एक गोष्ट मी मुद्दाम ठेवली आहे. किती सुधारला याला गुण नाहीत. खरंच सुधारला की नाही, याला आहेत. पंचवीस सेकंदांनी सुधारलेला आणि बारा सेकंदांनी सुधारलेला, दोघांनाही पूर्ण. कारण मागे असलेल्याला मोठी उडी सोपी असते, पुढे असलेल्याला छोटीही कठीण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सुधारणेच्या आकाराला गुण दिले की पोरं सप्टेंबरात मुद्दाम हळू पळतात. हे मी बघितलं आहे. मोठ्या भावाने सांगून ठेवलेलं असतं: आता हळू पळ, मग जोरात पळ. ते ओळखायला दोन गोष्टी पुरतात. एक, फेरीगणिक वेळ. खरं पळणारं मूल तिसऱ्या-चौथ्या फेरीला मंदावतं. नाटक करणारं चार फेऱ्या एका चालीत काढतं आणि शेवटची बघता बघता संपवतं. दोन, नाडी. थांबल्या थांबल्या मानेवर बोटं ठेवून दहा सेकंद मोजायची. जीव तोडून पळालेल्या मुलाचे ठोके तीसच्या आसपास किंवा वर येतात. बावीस-तेवीस आले आणि पोरगं हसत गप्पा मारतंय, तर शुक्रवारी पुन्हा पळवायचं. पळणं थांबल्यावर नाडी झरकन उतरते, त्यामुळे मोजायला पाच सेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला तर तो आकडा सोडून द्यावा.

सगळ्यात हळवी गोष्ट मात्र वेगळीच आहे. एक मुलगी रोज सराव करणारी, वही चोख, आणि फेब्रुवारीत तिची वेळ वीस सेकंदांनी वाढली. जुन्या पद्धतीत तिची श्रेणी खाली गेली असती आणि प्रकरण संपलं असतं. नव्या पद्धतीत 'सराव आहे, वेळ घसरली' हा उलटा मेळ वहीत डोळ्यांत भरला. तिला बोलावून विचारलं तर म्हणाली, जिना चढला तरी दम लागतो. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढुरकी. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती पोटात मळमळतं म्हणून घेतच नव्हती. घरच्यांना सांगून तिला दवाखान्यात पाठवलं. रक्त खूपच कमी निघालं. तेव्हापासून वेळ घसरलेल्या मुलाचे गुण मी कमी करत नाही, त्याची चौकशी करतो. धाप, फिकेपणा, छातीत घरघर, घरची अडचण, पाळी. मुलींना चाचणीचा दिवस दोन-तीन दिवसांतून निवडायची मुभा आहे आणि कारण विचारलं जात नाही.

फक्त धावण्यावर श्रेणी ठरू नये, हेही तितकंच खरं. दम हा शारीरिक शिक्षणाचा एक भाग आहे, हालचालीचं कसब हा दुसरा. तिथे तर सेकंद आणि मीटर आणखी फसवतात. चेंडूफेक घ्या. जास्त लांब कोण फेकणार? ज्याचा हात लांब आणि खांदा रुंद तो. मी म्हणून अंतर मोजत नाही, फेक बघतो. चारच गोष्टी. फेकायच्या आधी हात खालून मागे जातो का. कंबर आणि खांदा वळून दुसरी बाजू समोर येते का. फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध पाय पुढे पडतो का. चेंडू सुटल्यावर हात तसाच अंगावरून पलीकडे जातो का. प्रत्येक मुलाला दोन फेकी, दिसली तर एक, नाही तर शून्य. आठपैकी गुण.

यातली तिसरी गोष्ट बघण्यासारखी असते. उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकणारी मुलं वर्गात निम्मी तरी निघतात, मुलींत जास्त, कारण त्यांच्या हातात लहानपणी कुणी चेंडू दिलेलाच नसतो. असं फेकताना अंग वळतच नाही. चेंडू नुसत्या कोपरातून ढकलला जातो. मी जमिनीवर फक्कीने डाव्या पावलाचा ठसा काढतो आणि मुलाला भिंतीला काटकोनात उभं करतो. म्हणायचं एवढंच: पाय ठशावर, मग हात. तीन आठवड्यांत बहुतेकांचा पाय बदलतो. कंबर मागाहून येते, तिला दिवाळी उजाडते. त्याच मुलीला, ३:११ वालीला, सप्टेंबरात आठपैकी एक होता, जानेवारीत सहा. तिचा चेंडू अजूनही फार लांब जात नाही. जाण्याची गरजही नाही.

इथे नजरेचा धोका आहे. सुधारणा दिसावी असं वाटत असलं की ती दिसते. म्हणून माझ्यासोबत एक सहकारी वेगळ्या कागदावर तेच गुण लिहितो आणि पंधरा मुलांनंतर आम्ही कागद जुळवतो. दहातून दोनपेक्षा जास्त चौकटींत फरक आला तर थांबून पुन्हा ठरवतो, कंबर वळली म्हणजे नक्की किती.

या सगळ्यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला, वेळेचा. आठवड्याला दोन तास, पस्तीस मिनिटांचे, वर्गात ५४ मुलं; एवढं कोण करणार? धावण्याची चाचणी मी एका वर्गाची दोन तासांत बसवतो. मुलांच्या जोड्या करतो: एक पळतो, दुसऱ्याच्या हातात पाच चिंचोके. फेरी झाली की एक चिंचोका खिशात. मी रेघेवर उभा राहून स्टॉपवॉच मोठ्याने वाचतो, जोडीदार आपल्या माणसाची वेळ लिहितो. नऊ-नऊ जणांच्या तुकड्या, आणि तुकड्या सारख्या वेगाच्या मुलांच्या. त्यामुळे सगळा वर्ग बघत उभा आहे आणि एकटंच पोर शेवटची फेरी ओढतंय, असं होत नाही. वेळ मोठ्याने कुणाचं नाव घेऊन सांगत नाही. वर्षाकाठी एका वर्गाचे धावण्यासाठी दहा तास जातात आणि फेकीसाठी चार, सरावाची खेप आणि दुसरी संधी धरून. आणि ते तास वाया जात नाहीत, त्या तासांत मुलं पळतच असतात.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो, विशेषतः खेळात मुरलेल्या माणसांकडून. जग स्पर्धेचं आहे, ऑलिंपिकमध्ये सुधारणेला पदक मिळत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्य आणलं, राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला आणलं, ते काय स्वतःशी तुलना करून? मला या नावांचा अभिमान कुणापेक्षा कमी नाही. पण निवड आणि मूल्यमापन ही दोन कामं आहेत. संघ निवडताना मी नुसती वेळ बघतो, दुसरं काही बघत नाही; त्या फुटबॉलवाल्या मुलाला मी तसंच निवडलं. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्याला दहावीला क्रीडा गुण मिळतात, ते मिळायलाच हवेत. शिवाय या शहरात गुणी पोर शोधायला तालमी आहेत, पेठांचे संघ आहेत. प्रगतिपत्रकातला शारीरिक शिक्षणाचा रकाना मात्र वर्गातल्या ५४ जणांचा आहे, आणि त्यातले पन्नास कधीच कुठल्या मैदानावर नाव कमावणार नाहीत.

अमेरिकेत १९६६ पासून शाळांत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने तंदुरुस्तीचं पारितोषिक द्यायचे. सगळ्या चाचण्यांत १०० पैकी ८५ मुलांच्या पुढे असेल त्यालाच ते मिळे. म्हणजे बहुतेक मुलांना पहिल्याच दिवशी कळायचं की हे आपल्यासाठी नाही. २०१२ मध्ये त्यांनी ते बाजूला ठेवून आरोग्याला पुरेल अशा पातळीशी तुलना करणारी पद्धत आणली. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने जुनी चाचणी पुन्हा आणण्याचं ठरलं. आपल्याकडे खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत चौथीपासून पुढे ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाचे आणि हाताचे व्यायाम आणि उंची-वजन असतं. चाचण्या चांगल्या आहेत, साधनं फार लागत नाहीत. पण एका वेळची नोंद वयाच्या तक्त्यात घातली की माझ्या जुन्या वहीचीच गत होते: तेरा वर्षांचा वाढलेला मुलगा आणि तेरा वर्षांचा न वाढलेला मुलगा एकाच ओळीत. त्याच चाचण्या पावसानंतर आणि फेब्रुवारीत, दोनदा, सारख्या रीतीने घ्याव्यात आणि मुलाच्या दोन नोंदी शेजारी शेजारी लिहाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. शिक्षण विभागाने त्यासाठी नवं काही विकत घ्यायला नको. आकारिक नोंदवहीत एक रकाना वाढवावा, आणि जून महिन्यात पहिली चाचणी उरकून टाकायची घाई शाळांवर लादू नये.

माझ्या पद्धतीत भोकं नाहीत असं नाही. ऊसतोडीच्या हंगामात आलेली मुलं नोव्हेंबरात वर्गात येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांची सप्टेंबरची वेळच नसते. त्यांच्यासाठी मी दर महिन्याच्या शेवटी एक धाव ठेवली आहे, आल्या दिवसापासून हिशोब सुरू. दम्याच्या किंवा पायात अधू असलेल्या मुलाला ६०० मीटर लावायचंच नाही. त्याची चाचणी त्याच्याबरोबर बसून ठरवायची, ठरावीक वेळात किती अंतर चाललं किंवा फेक, आणि पुढे तीच पाळायची. आणि जाड मुलाचं वजन कमी झालं की नाही याला मी कधीच गुण देत नाही. वजन घरातल्या ताटावर ठरतं, ते पोराच्या हातात नसतं.

मी आणखी चार वर्षांनी निवृत्त होईन. वह्या कपाटात क्रमाने लावल्या आहेत, पुढे येणाऱ्या शिक्षकाला त्यातूनच वाढीचे सेकंद नव्याने काढावे लागतील, मुलं बदलतात तसे तेही बदलतील. ३:११ वाली मुलगी आता नववीत आहे. परवा तुकड्या लिहीत होतो तेव्हा जवळ येऊन म्हणाली, "सर, मला पाचव्यातनं चौथ्या तुकडीत घाला की." मी वही उघडली, सप्टेंबरची धाव अजून व्हायची होती. तिला सांगितलं, मंगळवारी पळ, मग बघू.